‘मी’ कुठे आणि ‘आम्ही’ कुठे: अनुभवी इंजिनिअरने प्रोफाइलमधला About भाग कसा लिहावा

दहा-पंधरा वर्षं काम झालेल्या इंजिनिअरच्या लिंक्डइन प्रोफाइलवरचा About हा भाग बहुतेक वेळा दोनपैकी एका अवस्थेत सापडतो. एक तर तो कोरा असतो. नाहीतर तिथे ‘१३ वर्षांचा समृद्ध अनुभव असलेले, परिणामाभिमुख आणि ध्येयनिष्ठ अभियंता’ अशा थाटाचा मजकूर असतो, सभेत सूत्रसंचालकाने पाहुण्यांची ओळख करून द्यावी तसा. प्रथमपुरुषात लिहायचं म्हणून ‘आहेत’च्या जागी ‘आहे’ केलं आणि पुढे ‘मी’ लावला, तरी हा मजकूर सुधारत नाही. कारण त्यातल्या एकाही वाक्यात त्या माणसाने काय ठरवलं, हे आलेलं नसतं.

करिअरच्या मधल्या टप्प्यावर हे लिहिणं सगळ्यात अवघड जातं. नवखा इंजिनिअर स्वतःच्या हाताने केलेलं काम सांगतो, त्यामुळे त्याचा ‘मी’ सोपा असतो. वरच्या पदावरचा माणूस विभागाच्या वतीने बोलतो आणि ते सगळ्यांना मान्य असतं. मधल्या टप्प्यावर मात्र निम्मं काम आपल्या हाताने झालेलं असतं आणि निम्मं आपण ठरवलेलं, पण दुसऱ्यांच्या हातून झालेलं. सगळ्याला ‘मी केलं’ म्हणावं तर बरोबरचे लोक भुवया उंचावतील. सगळ्याला ‘आम्ही’ म्हणावं तर वाचणाऱ्याला तुम्ही दिसतच नाही. हा लेख मुख्यतः त्या दोन शब्दांमधली रेघ कुठे ओढायची याबद्दल आहे. ती नीट ओढली गेली की बाकीचा मजकूर फारसा त्रास देत नाही.

उदाहरणासाठी एक काल्पनिक इंजिनिअर घेऊ. ती पॅकेजिंग मशीन बनवणाऱ्या कंपनीत ऑटोमेशनचं काम करते. तिला १३ वर्षं झाली आहेत. सुरुवातीला तिने कंट्रोल पॅनेलचं आणि पीएलसी, म्हणजे मशीन चालवणाऱ्या औद्योगिक संगणकाच्या, प्रोग्रॅमचं काम केलं, मग ग्राहकाच्या ठिकाणी मशीन सुरू करून देण्याचं, म्हणजे कमिशनिंगचं. आता ती सहा जणांच्या टीमची लीड आहे. तिचा सध्याचा मजकूर असा आहे:

‘१३ वर्षांचा अनुभव असलेली परिणामाभिमुख ऑटोमेशन अभियंता. पीएलसी, एचएमआय, स्काडा आणि सर्वो प्रणालींमध्ये प्रावीण्य. ६ जणांच्या टीमचे यशस्वी नेतृत्व. कमिशनिंगच्या वेळेत ३३ टक्के बचत. नावीन्याची आवड, उत्तम संवादकौशल्य.’

यात खोटं काहीच नाही. पण हाच मजकूर त्या क्षेत्रातल्या इतर शेकडो जणांच्या नावाखाली चिकटवला तरी चालून जाईल. आणि एक गोष्ट लक्षात घ्या, ‘६ जणांच्या टीमचे नेतृत्व’ या वाक्याला कर्ताच नाही. रेझ्युमेमध्ये अशी तुटक वाक्यं चालतात, कारण तिथे जागा कमी असते आणि वाचणारा नजर फिरवत असतो. About मध्ये माणूस बोलतोय असं वाटायला हवं, म्हणून पूर्ण वाक्यं हवीत.

आधी ठरवा: यानंतर कोणतं काम हवं आहे

लिहायला बसण्यापूर्वी एका कागदावर एकच वाक्य लिहा: पुढच्या दोन-तीन वर्षांत मला कोणत्या प्रकारचे प्रश्न सोडवायला मिळायला हवेत? पदाचं नाव नको, कामाचं स्वरूप लिहा. आपल्या उदाहरणातल्या इंजिनिअरचं वाक्य असं: ‘मला प्रोजेक्ट मॅनेजर व्हायचं नाही; अनेक मशीनना लागू पडेल अशी कंट्रोल सिस्टिमची रचना ठरवण्याचं काम हवं आहे.’

हे वाक्य प्रोफाइलवर जाणार नाही. त्याचं काम गाळणीचं आहे. १३ वर्षांत पन्नास सांगण्यासारख्या गोष्टी घडलेल्या असतात, त्यांतल्या तीनच ठेवायच्या आहेत. त्या निवडताना ‘माझी सगळ्यात मोठी कामगिरी कोणती’ असं विचारलं तर उत्तर बऱ्याचदा सगळ्यात मोठ्या प्रकल्पाकडे जातं, जिथे तुमचा वाटा छोटा असू शकतो. ‘पुढच्या कामाशी मिळताजुळता निर्णय मी आधी कुठे घेतला’ असं विचारलं तर वेगळीच, आणि बहुधा जास्त उपयोगी उत्तरं येतात.

त्याच वेळी वाचणारे कोण हेही मनात ठेवा. सर्वसाधारणपणे दोन प्रकारचे लोक हा मजकूर वाचतात. पहिला रिक्रूटर. त्याला तुमचं क्षेत्र आतून माहीत असेलच असं नाही. तो शब्द टाकून शोधतो आणि सापडलेलं प्रोफाइल आपल्या यादीशी जुळतं का ते पाहतो. दुसरा, ज्याच्या हाताखाली किंवा ज्याच्यासोबत तुम्ही काम कराल तो इंजिनिअर. त्याला साधनांच्या नावांनी फरक पडत नाही. अडचण आली की तुम्ही डोकं कसं चालवता, हे त्याला पाहायचं असतं. पहिल्यासाठी योग्य शब्द हवेत, दुसऱ्यासाठी निर्णय हवेत. जुन्या मजकुरात पहिल्यापुरती सोय आहे, दुसऱ्यासाठी काहीच नाही.

कच्चा माल: निर्णयांची वही

आता खरं काम. याला एक निवांत संध्याकाळ द्या आणि मजकूर लिहिण्याचा मोह टाळा. जुने ईमेल, डिझाइन रिव्ह्यूच्या नोंदी, वार्षिक मूल्यमापनाचे फॉर्म चाळा. स्मरणशक्तीवर विसंबलं तर गेल्या वर्षभरातलंच आठवतं. प्रत्येक प्रसंगासाठी पाच गोष्टी लिहा: परिस्थिती काय होती, कोणते पर्याय समोर होते, मी कोणता निवडला किंवा सुचवला, त्यानंतर काय बदललं, आणि हे सगळं जवळून पाहिलेलं आणखी कोण आहे.

दुसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. पर्यायच नव्हता तिथे निर्णयही नव्हता. ते नेमून दिलेलं काम होतं. नेमून दिलेलं काम उत्तम करणं ही चांगलीच गोष्ट आहे, पण त्याची जागा खाली अनुभवाच्या नोंदीत आहे.

आपल्या इंजिनिअरच्या वहीत तीन प्रसंग उरतात.

पहिला असा. कंपनीत प्रत्येक नव्या मशीनचा पीएलसी प्रोग्रॅम मागच्या मशीनचा कॉपी करून, त्यात फेरफार करून बनायचा. त्यामुळे दोन मशीनमध्ये एकच बिघाड दोन वेगळ्या नावांनी दिसायचा आणि ग्राहकाच्या ठिकाणी दोष शोधण्यात दिवस जायचे. पर्याय तीन होते: आहे तसं चालू ठेवणं, सगळा प्रोग्रॅम एकदम नव्याने लिहिणं, किंवा सारख्या वापरात येणाऱ्या भागांचे सामाईक ब्लॉक बनवत जाणं. तिने तिसरा सुचवला आणि सुरुवात तीनच भागांपासून केली: इनफीड कन्व्हेयर, सर्वो अॅक्सिस आणि अलार्म. नावं देण्याचे नियम तिने ठरवले, अलार्मचा पहिला ब्लॉक स्वतः लिहिला, बाकीचे टीममधल्या चौघांनी लिहिले आणि तिने तपासले. कमिशनिंगला लागणारा वेळ सुमारे तीन आठवड्यांवरून दोन आठवड्यांवर आला.

दुसरा प्रसंग दोष शोधण्याचा. एका मशीनवर फिल्मवरची छपाई आणि कापणी हळूहळू एकमेकांपासून सरकायची. सगळे सर्वो मोटरच्या ट्यूनिंगमध्ये गुंतले होते. तिने ट्यूनिंग थांबवून एका पूर्ण शिफ्टभर मोटरच्या एन्कोडरचं, म्हणजे फिरणं मोजणाऱ्या सेन्सरचं, आणि रोलरवर वेगळ्या बसवलेल्या एन्कोडरचं मोजमाप शेजारी-शेजारी नोंदवलं. मोटर दिलेल्या आज्ञेप्रमाणे नीट फिरत होती, रोलर मात्र मागे पडत होता. म्हणजे दोष दोघांच्या मधल्या कपलिंगमध्ये होता, सॉफ्टवेअरमध्ये नव्हता.

तिसरा माणसांचा. टीममधल्या दोघांना तिने आधी कारखान्यातल्या चाचण्यांत स्वतंत्र जबाबदारी दिली, मग ग्राहकाच्या ठिकाणी. आता ते दोघं तिच्याशिवाय कमिशनिंग पूर्ण करतात.

या तिन्हींत कुठेही ‘नेतृत्वगुण’, ‘विश्लेषणक्षमता’, ‘मार्गदर्शन’ हे शब्द आलेले नाहीत, आणि तरी तिन्ही गोष्टी वाचणाऱ्याला समजतात. विशेषण सुचलं की ते ज्या प्रसंगावरून सुचलं तो प्रसंग लिहा आणि विशेषण खोडा. प्रसंग आठवत नसेल तर ते विशेषण तुमचं नव्हतंच.

‘मी’ आणि ‘आम्ही’ यांची रेघ

वहीतली प्रत्येक क्रिया घ्या आणि विचारा: त्या दिवशी मी कामावर नसतो किंवा नसते, तर हे झालं असतं का, आणि असंच झालं असतं का? ‘नाही’ आलं तर तिथे ‘मी’. ‘झालं असतं, कारण ते टीमचं काम होतं’ असं आलं तर तिथे ‘आम्ही’, किंवा त्याहून चांगलं म्हणजे ज्यांनी केलं त्यांचं नेमकं वर्णन: ‘टीममधल्या चौघांनी’, ‘मेकॅनिकल विभागाने’. ‘आम्ही’ हा शब्द सौजन्याचा असला तरी धूसर आहे. त्यात कोण-कोण येतं हे वाचणाऱ्याला कळत नाही.

पहिल्या प्रसंगावर हे लावून पाहू. ‘मी पीएलसी ब्लॉकची लायब्ररी बनवली’ हे वाक्य चुकीचं आहे, कारण बहुतेक ब्लॉक दुसऱ्यांनी लिहिले. ‘आम्ही लायब्ररी बनवली’ हे खरं आहे, पण त्यात तिचा निर्णय हरवतो. नेमकं वाक्य असं होतं: ‘कुठून सुरुवात करायची आणि नावं कशी द्यायची हे मी ठरवलं, अलार्मचा पहिला ब्लॉक लिहिला, बाकीचे टीममधल्या चौघांनी लिहिले.’ हे वाक्य लांब आहे, पण वाचणारा इंजिनिअर त्यावर लगेच विश्वास ठेवतो. सगळं श्रेय स्वतःकडे घेणारा माणूस इतक्या बारकाईने वाटणी करत नाही.

आकड्यांनाही हीच कसोटी लावा. जुन्या मजकुरात ‘३३ टक्के बचत’ होती. तीनचे दोन झाले म्हणजे गणित बरोबर आहे. पण त्याच काळात मेकॅनिकल विभागानेही कारखान्यातल्या चाचण्या जास्त काटेकोर केल्या होत्या, त्यामुळे ग्राहकाकडे पोहोचणारी मशीन आधीच जास्त तयार असायची. किती वेळ कशामुळे वाचला हे वेगळं काढता येत नाही. मग आकडा गाळायचा का? मला तसं वाटत नाही. आकडा ठेवा, टक्क्यांऐवजी ‘सुमारे तीन आठवड्यांवरून दोन’ असा मूळ रूपात ठेवा, आणि दुसऱ्या कारणाचा उल्लेख त्याच वाक्यात करा. टक्केवारीत आधीचा आकडा लपतो. ३३ टक्के म्हणजे तीन दिवसांचे दोन की तीन आठवड्यांचे दोन, हे कळत नाही. शिवाय ३३ हा आकडा मोजमाप फार बारीक होतं असा भास देतो, आणि मुलाखतीत ‘कसं मोजलं’ या पहिल्याच प्रश्नाला तो अडचणीत आणतो.

मराठीत लिहीत असाल तर आणखी एक सोय आहे. ‘ठरवलं’, ‘लिहिला’ अशा भूतकाळातल्या क्रियापदांना कर्ता लागतो, पण ‘करते’, ‘शोधतो’, ‘पाहीन’ यांत स्वतःच्या प्रोफाइलवर ‘मी’ न लिहिताही कळतो. तो दरवेळी वेगळा लिहायची गरज नाही. इंग्रजीत लिहीत असाल तर कर्ता गाळता येत नाही, त्यामुळे प्रत्येक वाक्य ‘I’ या एकाच अक्षराने सुरू होण्याचा धोका असतो. दोन्हीकडे उपाय सारखाच: काही वाक्यांची सुरुवात मशीन, अडचण किंवा टीम यांच्यापासून करा आणि स्वतःला वाक्याच्या मध्यात येऊ द्या.

पहिली दोन वाक्यं

लिंक्डइनवर About पूर्ण उघडा दिसत नाही. सुरुवातीच्या काही ओळी दिसतात, पुढचं वाचायला क्लिक करावं लागतं. फोनवर दिसणारा भाग आणखी लहान वाटतो. त्यामुळे पहिल्या दोन वाक्यांत तीन गोष्टी यायला हव्यात: तुम्ही कशावर काम करता, कोणत्या प्रकारच्या अडचणीत तुमचा उपयोग होतो, आणि पुढे वाचावंसं वाटेल असं एखादं ठोस काही.

वर्षांच्या संख्येने सुरुवात करू नका. ती खाली अनुभवाच्या तारखांवरून आपोआप दिसते. ‘लहानपणापासून यंत्रांची आवड’ ही सुरुवातही टाळा. मधल्या टप्प्यावर वाचणाऱ्याला तुमचं कालचं काम पाहायचं असतं. पदाच्या नावानेही सुरू करू नका, ते नावाखालच्या ओळीत आधीच आहे.

आपल्या इंजिनिअरने तीन सुरुवाती लिहून पाहिल्या. पहिली होती, ‘मी एक ऑटोमेशन लीड असून पॅकेजिंग क्षेत्रात काम करते.’ खरी, पण नावाखालच्या ओळीचीच पुनरुक्ती. दुसरी होती, ‘प्रत्येक मशीन एक कोडं असतं.’ आकर्षक वाटते, पण ती कुणीही लिहू शकतं. तिसरी: ‘पॅकेजिंग मशीन ग्राहकाकडे पोहोचल्यावर लवकर सुरू व्हावीत आणि बिघडली तर कारण लवकर सापडावं, यासाठी त्यांच्या कंट्रोल सिस्टिमची रचना करते.’ यात काम आहे, अडचण आहे, आणि ती कोणत्या नजरेने रचना करते हेही आहे. तिसरी ठेवायची.

मधला भाग आणि गोपनीयता

मधल्या भागात दोन प्रसंग पुरे. तिसऱ्यासाठी एखादं वाक्य द्या. प्रत्येक प्रसंगाला तीन-चार वाक्यं: अडचण, निवड, परिणाम. पाचवं वाक्य लिहावंसं वाटलं तर समजा की ते मुलाखतीसाठी राखून ठेवण्यासारखं आहे.

इथे एक गोष्ट थांबून तपासायला हवी. तुम्ही वर्णन केलेल्या कामाचे तपशील तुमचे एकट्याचे नाहीत. कंपनीचे आणि ग्राहकाचेही आहेत. ग्राहकाचं नाव, बाजारात न आलेलं उत्पादन, उत्पादनक्षमता, करारातल्या रकमा हे सरळच बाहेर ठेवा. पण नाव न लिहिताही ओळख पटू शकते. उद्योगाचा प्रकार, देश, वर्ष आणि मशीनचा प्रकार हे चारही एका वाक्यात आले, तर त्या क्षेत्रातला जाणकार ग्राहक कोण ते ओळखतो. चारातले दोन ठेवा, दोन काढा. दोष शोधण्याचा प्रसंग सांगताना तर दुप्पट काळजी घ्या. तुमच्यासाठी ती कौशल्याची गोष्ट असली तरी ग्राहकासाठी ती त्याच्या कारखान्यातला बिघाड आहे. म्हणून ‘एका मशीनवर’ इतकंच पुरेसं. शंका असेल तर तुमच्या करारातलं गोपनीयतेचं कलम काढून वाचा आणि तरीही प्रश्न राहिला तर तो तपशील गाळा.

साधनांची नावं मधल्या भागातच, वाक्यात गुंफून द्या. शेवटी वीस नावांची स्वल्पविरामांनी जोडलेली माळ लावू नका. त्यासाठी कौशल्यांचा वेगळा विभाग आहे आणि About च्या खाली त्यांतली पाच कौशल्यं दाखवायची सोयही आहे. नावं लिहिताना नोकरीच्या जाहिरातींत जशी येतात तशीच लिहा, कारण शोधणारा तेच टाइप करतो. TIA Portal किंवा CODESYS वर खरोखर काम केलं असेल तर तेच नाव द्या, ‘विविध आधुनिक पीएलसी सॉफ्टवेअर’ असं नको. आणि नऊ वर्षांपूर्वी एकदा हाताळलेल्या साधनाचं नाव फक्त शोधात सापडावं म्हणून घालू नका. पहिल्याच तांत्रिक गप्पांत ते उघडं पडतं आणि मग खरी असलेली नावंही संशयात येतात.

शेवटचा परिच्छेद: काय हवं आहे हे कसं सांगायचं

सध्याची नोकरी चालू असताना हा भाग बहुतेकांना अडखळवतो. About मध्ये ‘नव्या संधीच्या शोधात’ असं लिहिलं की ते सहकाऱ्यांपासून वरिष्ठांपर्यंत सगळ्यांना दिसतं. लिंक्डइनवर ‘Open to work’ हा पर्याय फक्त रिक्रूटरना दिसेल असा ठेवता येतो. आपल्या कंपनीच्या रिक्रूटरपासून तो लपवण्याचा प्रयत्न लिंक्डइन करतं, पण पूर्ण खात्री देत नाही. म्हणून शोधाची गोष्ट About मध्ये नकोच. त्याऐवजी कोणत्या विषयांवर बोलायला आवडेल हे लिहा. ‘अनेक प्रकारच्या मशीनना एकच कंट्रोल रचना लागू करण्याचा प्रश्न ज्यांच्यासमोर आहे, त्यांच्याशी बोलायला आवडेल’ हे वाक्य वरिष्ठांनी वाचलं तरी अवघडल्यासारखं होत नाही, आणि नेमक्या माणसाला मात्र इशारा पोहोचतो.

जे काम आता नको आहे, त्याबद्दल एखादं सौम्य वाक्य टाकायला हरकत नाही. ‘तांत्रिक बाजूलाच राहायचं ठरवलं आहे’ एवढ्याने प्रोजेक्ट मॅनेजरच्या पदांसाठी येणारे बरेचसे संदेश टळतात.

सगळं जोडल्यावर तिचा मजकूर असा होतो:

‘पॅकेजिंग मशीन ग्राहकाकडे पोहोचल्यावर लवकर सुरू व्हावीत आणि बिघडली तर कारण लवकर सापडावं, यासाठी त्यांच्या कंट्रोल सिस्टिमची रचना करते. सुरुवात पॅनेलच्या वायरिंगपासून केली, त्यामुळे रचना ठरवताना रात्री मशीनसमोर उभा असलेला तंत्रज्ञ डोळ्यांसमोर असतो.

आमच्याकडे प्रत्येक मशीनचा पीएलसी प्रोग्रॅम आधीच्या प्रोग्रॅममध्ये फेरफार करून बनायचा आणि एकच बिघाड वेगवेगळ्या नावांनी दिसायचा. सगळं नव्याने लिहिण्याऐवजी सर्वाधिक वापरातल्या तीन भागांचे सामाईक ब्लॉक TIA Portal मध्ये बनवावेत, असं मी सुचवलं. नावांचे नियम ठरवले, अलार्मचा पहिला ब्लॉक लिहिला. बाकीचे टीममधल्या चौघांनी लिहिले. कमिशनिंगचा वेळ सुमारे तीन आठवड्यांवरून दोनवर आला. मेकॅनिकल विभागाने कारखान्यातल्या चाचण्या कडक केल्या, त्याचाही त्यात वाटा आहे.

दोष शोधताना आधी मोजमाप, मग बदल, हा क्रम सोडत नाही. एका मशीनवर फिल्म सरकत होती आणि सगळे सर्वोच्या ट्यूनिंगमध्ये अडकले होते. मोटर आणि रोलर यांची मोजमापं एका शिफ्टभर शेजारी ठेवल्यावर दोष कपलिंगमध्ये असल्याचं दिसलं.

आता सहा जणांची टीम सांभाळते. त्यातले दोघं माझ्याशिवाय कमिशनिंग पूर्ण करतात. तांत्रिक बाजूलाच राहायचं ठरवलं आहे. अनेक प्रकारच्या मशीनना एकच कंट्रोल रचना लागू करण्याचा प्रश्न ज्यांच्यासमोर आहे, त्यांच्याशी बोलायला आवडेल.’

यात ‘मी’ हा शब्द एकदाच आला आहे, आणि तरी प्रत्येक परिच्छेदात ती दिसते. ‘आमच्याकडे’ जिथे आलं आहे तिथे ती कंपनीतली परिस्थिती आहे, कुणाची कामगिरी नव्हे.

चिकटवण्यापूर्वी आणि नंतर

About ला २,६०० कॅरेक्टरची मर्यादा आहे, मोकळ्या जागा धरून. ती गाठायलाच हवी असं मुळीच नाही. वरच्यासारखा मजकूर बराच आत बसतो. देवनागरीत लिहिताना मात्र एक गोष्ट लक्षात असू द्या. जोडाक्षरं, काना, मात्रा, वेलांट्या हे संगणकाच्या मोजणीत वेगळे धरले जातात. ‘प्रकल्प’ हा शब्द डोळ्यांना तीन अक्षरांचा दिसतो, मोजणीत तो सात भरतो. त्यामुळे अंदाजाने लिहिलेला मराठी मजकूर अपेक्षेपेक्षा लवकर मर्यादेला भिडतो. मजकूर साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहा. लिनक्स किंवा मॅकवर UTF-8 सेटिंग असेल तर मोजणी अशी होते:

```
wc -m about.txt
```

साध्या फाइलचा आणखी एक फायदा म्हणजे वर्ड प्रोसेसरमधली सजावट सोबत येत नाही. About मध्ये ठळक किंवा तिरकी अक्षरं करण्याची सोय नाही. काही जण बाहेरच्या साधनातून ठळक दिसणारी युनिकोड अक्षरं आणून चिकटवतात. ती खरी अक्षरं नसून गणिती चिन्हं असतात. स्क्रीन रीडर ती नीट वाचत नाही, आणि शोधात तो शब्द सापडेल याचीही खात्री राहत नाही. परिच्छेदांमध्ये एक मोकळी ओळ सोडली की वाचायला पुरेसं सोपं होतं. वेबसाइटचा पत्ता इथे लिहिला तर त्यावर क्लिक करता येत नाही; दाखवण्यासारखं काम Featured विभागात ठेवा.

मजकूर सेव्ह केल्यावर स्वतःच्या फोनवर उघडून पाहा की क्लिक न करता दिसणाऱ्या भागात कोणतं वाक्य तुटतं. दुसरं वाक्य मध्येच कापलं जात असेल तर पहिलं वाक्य छोटं करा.

त्याआधी मात्र एक तपासणी दुसऱ्या माणसाकडून करून घ्यायची आहे. वहीतला पाचवा प्रश्न आठवा, हे सगळं जवळून पाहिलेलं आणखी कोण आहे. त्यांतल्या एकाला मजकूर पाठवा आणि ‘कसा वाटतो’ असं विचारू नका, कारण उत्तर ‘छान’ येतं. विचारा, ‘यातलं कोणतं वाक्य तू असं लिहिलं नसतंस?’ तो ज्या वाक्यावर बोट ठेवेल तिथे ‘मी’ची रेघ बहुधा जरा पुढे सरकलेली असते. कधीकधी उलटंही होतं. तो म्हणतो, ‘हे तर तूच केलं होतंस, चौघांनी म्हणून का लिहिलंस?’ दोन्ही दुरुस्त्या मनापासून घ्या.

मग शेवटची चाचणी, एकट्याने. प्रत्येक वाक्यावर बोट ठेवून तीन प्रश्न मोठ्याने विचारा: आधी काय होतं, आणखी कोण होतं, काय फसलं? तिन्हींची उत्तरं न अडखळता देता आली तर वाक्य राहू द्या. सर्वोच्या प्रसंगात तिला ‘काय फसलं’ याचं उत्तर द्यावं लागलं की आधीचे दोन दिवस ट्यूनिंगमध्ये गेले, त्यात तीही होती. हे प्रोफाइलवर लिहायची गरज नाही, पण विचारल्यावर सांगायची तयारी हवी. ज्या वाक्याला उत्तरं सापडत नाहीत ते काढा, मग ते कितीही चांगलं जमलेलं असो.

मजकूर पुन्हा उघडायचा तो वहीत नवा निर्णय आल्यावर. तेव्हा भर घालू नका, अदलाबदल करा: नवा प्रसंग आत, जुन्यांतला एक बाहेर, खाली त्या-त्या नोकरीच्या नोंदीत. कोणता बाहेर जाईल हे पहिल्या कागदावरचं वाक्य सांगतं. तेच बदललेलं असेल, तर सुरुवातीचं वाक्यही नव्याने लिहावं लागेल.